शेअर घेण्याआधी स्क्रीनशेजारचं कार्ड : सात प्रश्न आणि एक हिशेब

आपल्या बऱ्याच घरांत आता एक तरी डिमॅट खातं आहे. कुणी आखाती देशातून पाठवलेल्या पैशांतून थोडे बाजूला काढतो, कुणी दुकानाच्या गल्ल्यातून. खातं मोबाइलवर एका दिवसात उघडतं, पण पहिला शेअर घेताना काय तपासायचं हे कुणी बसून सांगत नाही. म्हणून नवशिक्याने स्क्रीनशेजारी ठेवायच्या एका छोट्या कार्डाची माहिती आम्ही इथे देत आहोत. हे कार्ड कोणता शेअर घ्यावा ते सांगत नाही. घाईत आपण जे विसरतो, तेवढंच ते विचारतं.

सुरुवातीलाच एक मर्यादा सांगतो. हे कार्ड रोखीच्या बाजारात, स्वतःच्या पैशाने शेअर घेऊन काही दिवस ते काही आठवडे ठेवणाऱ्यासाठी आहे. फ्युचर आणि ऑप्शनसाठी ते नाही. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत त्या विभागात व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. रोखीच्या बाजारात सकाळी घेऊन संध्याकाळी विकणाऱ्यांचाही सेबीने वेगळा अभ्यास केला होता. 2022-23 मध्ये त्यांतले दहापैकी सात तोट्यात होते. कार्ड कितीही चांगलं असलं तरी या दोन ठिकाणी ते नवशिक्याला वाचवू शकत नाही.

कार्ड कसं असावं

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. वर तारीख, वेळ आणि शेअरचं नाव लिहायला जागा सोडा. खाली सात प्रश्न लिहा. प्रत्येकाचं उत्तर "हो", "नाही" किंवा एक आकडा एवढंच असावं. "बहुतेक", "बघू" अशा उत्तरांना जागाच ठेवू नका. एकाही प्रश्नाला "नाही" आलं की तो व्यवहार त्या दिवशी होणार नाही, हा एकच नियम. सातपैकी सहा बरोबर म्हणजे पास, असं इथे चालत नाही. गाडीचे तीन ब्रेक नीट आणि चौथा निकामी असेल, तर आपण घाटात उतरत नाही, तसंच हे.

पहिला प्रश्न : पैसे माझे आणि मोकळे आहेत का?

मोकळे म्हणजे पुढचे सहा महिने ज्यांची गरज पडणार नाही असे. शाळेची फी, बहिणीच्या लग्नाची रक्कम, हजसाठी साठवलेले पैसे यांतलं काही असेल तर उत्तर "नाही". ज्या पैशाला तारीख आहे, तो पैसा आपल्याला नेमक्या वाईट दिवशी विकायला लावतो.

याच प्रश्नात ऑर्डरच्या खिडकीतली एक खूण तपासायची. बहुतेक अ‍ॅपवर `CNC` म्हणजे स्वतःच्या पूर्ण पैशाने डिलिव्हरी, `MIS` म्हणजे त्याच दिवशी विकायचं, आणि `MTF` म्हणजे काही रक्कम ब्रोकरने उसनी दिलेली. काही अ‍ॅपवर नावं थोडी वेगळी असतात. `MTF` वर रोज व्याज चढतं. व्याजापासून लांब राहणाऱ्या आपल्या वाचकांनी ही खूण विशेष लक्ष देऊन पाहावी, कारण काही ठिकाणी "चारपट घ्या" असं बटण ठळक रंगात असतं आणि व्याजाचा दर खाली बारीक अक्षरात. चुकून `MIS` वर ऑर्डर गेली, तर बाजार बंद होण्याच्या थोडं आधी ब्रोकर ती आपोआप विकून टाकतो. नवशिक्याला संध्याकाळी कळत नाही की शेअर गेले कुठे.

दुसरा प्रश्न : हा शेअर का, हे मी एका वाक्यात लिहू शकतो का?

वाक्य तुमचं स्वतःचं हवं. "ग्रुपवर आलं होतं", "मामूंनी सांगितलं" हे कारण नव्हे. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट टिप का येते, याचा विचार करा. छोट्या कंपनीचे शेअर आधी घेऊन बसलेल्या माणसाला ते चढ्या भावात विकायला गिऱ्हाईक लागतं. ते गिऱ्हाईक आपण असतो. सल्ला देणारा नोंदणीकृत आहे म्हणत असेल, तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. त्याने पाठवलेला प्रमाणपत्राचा फोटो पुरावा धरू नका.

कंपनीचा धंदा काय, हेही इथेच पाहायचं. एनएसईचे निफ्टी 50 शरिया आणि निफ्टी 500 शरिया असे निर्देशांक आहेत. धंदा आणि कर्ज-व्याजाचं प्रमाण तपासून त्यांत कंपन्या घेतल्या जातात. यादी वेळोवेळी बदलते, म्हणून जुनी यादी फोनमध्ये साठवून तिच्यावर विसंबू नका. यादीत असणं म्हणजे भाव वाढणार असं नाही, हेही लक्षात ठेवा. बाकी फिक्हचा सवाल असेल तर तो जाणत्या मुफ्तीसाहेबांना विचारावा. हे कार्ड ते काम करत नाही.

तिसरा प्रश्न : विकायच्या दिवशी गिऱ्हाईक मिळेल का?

घेणं नेहमी सोपं असतं, अडकायला होतं ते विकताना. एनएसईच्या संकेतस्थळावर शेअरचं पान उघडा आणि दोन गोष्टी बघा. एक, त्याची मालिका `EQ` आहे का. `BE` असेल तर घेतलेला शेअर त्याच दिवशी विकता येत नाही. दुसरी, त्याची किंमत-मर्यादा किती आहे. बऱ्याच शेअरना दिवसाला 2, 5, 10 किंवा 20 टक्क्यांची मर्यादा असते.

5 टक्के मर्यादेचा शेअर 100 रुपयांवर आहे आणि वाईट बातमी आली असं समजा. पहिल्या दिवशी तो 95 वर जाऊन थांबतो. तिथे विकणारे हजार, घेणारा कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी 90 च्या आसपास, तिसऱ्या दिवशी 86 च्या खाली. तुम्ही रोज सकाळी सव्वानऊला ऑर्डर टाकता आणि संध्याकाळी ती तशीच पडून राहते. म्हणून नवशिक्याच्या कार्डावर मालिका `EQ` आणि मर्यादा किमान 20 टक्के किंवा ठरावीक मर्यादा नसलेला मोठा शेअर, एवढंच "हो" धरावं.

चौथा प्रश्न : मी चुकलो हे कोणत्या भावावर कळेल?

यालाच स्टॉप म्हणतात. तो घेण्याआधी लिहायचा, कारण घेतल्यावर माणूस स्वतःशी भांडायला लागतो. "100 रुपये कमी झाले की विकू" असा हवेतला आकडा नको. भाव ज्या ठिकाणी आल्यावर तुमचं दुसऱ्या प्रश्नातलं वाक्य खोटं ठरेल, ती जागा शोधा. शेअर दोन आठवड्यांत 398 च्या खाली गेला नाही आणि तिथून वर येतोय, म्हणून आपण घेतोय, असं समजा. मग 398 तुटणं हीच आपली चूक. त्याच्या थोडं खाली, 396 ला, स्टॉप.

इथे नवशिके दोनदा फसतात. साधी स्टॉप-लॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. संध्याकाळी ती रद्द होते, आणि माणूस समजतो की आपला पहारेकरी अजून दारात उभा आहे. अनेक दिवसांसाठी जीटीटी नावाची सोय वापरावी लागते. दुसरं, तुम्ही ब्रोकरला डीडीपीआय हे अधिकारपत्र दिलेलं नसेल, तर आपल्या खात्यातले शेअर विकताना त्या दिवशी टीपिन आणि ओटीपी देऊन परवानगी द्यावी लागते. ती नसेल तर जीटीटी जागी होऊनही विक्री नाकारली जाऊ शकते. म्हणून कार्डावर स्टॉपच्या आकड्यापुढे एक छोटी चौकट काढा, "जीटीटी लावली, परवानगी आहे". अ‍ॅपवर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिच्यात खूण करू नका.

पाचवा प्रश्न : किती शेअर, आणि मिळणार किती?

हा कार्डाचा कणा. बहुतेक लोक उलटं करतात. आधी "पन्नास हजाराचे घेऊ" ठरवतात, मग तोटा होईल तेवढा होतो. कार्ड आधी तोटा ठरवतं, शेअरची संख्या त्यातून निघते.

खात्यात 1,00,000 रुपये आहेत असं धरू. एका व्यवहारात जास्तीत जास्त 1 टक्का, म्हणजे 1,000 रुपये जाऊ द्यायचे. यातच खर्चही येतो. डिलिव्हरीत घेताना आणि विकताना दोन्ही वेळा 0.1 टक्का एसटीटी, घेताना 0.015 टक्के मुद्रांक शुल्क आणि विकताना डीपीचा ठोक आकार लागतो. दलाली नसलेल्या ब्रोकरकडे वीस-तीस हजारांच्या व्यवहाराला हे सगळं 70 ते 90 रुपयांच्या आसपास जातं. आपण सरळ 100 धरू. दलाली लागत असेल तर ती वेगळी मिळवा. सूत्र कार्डाच्या मागे लिहून ठेवा :

```
शेअर = (जोखीम − खर्च) ÷ (खरेदी भाव − स्टॉप)
     = (1000 − 100) ÷ (412 − 396)
     = 900 ÷ 16 = 56
```

अपूर्णांक आला की नेहमी खाली उतरायचं. 56 शेअर 412 ला म्हणजे 23,072 रुपये. लाखातले सुमारे तेवीस हजारच लागले, बाकीचे तसेच राहिले. यात काही चूक नाही.

आता मिळकत. वर 447 ला हा शेअर मागे दोनदा अडकलेला आहे, म्हणून तिथवरच आशा धरू. 412 ते 447 म्हणजे 35 रुपये, गुणिले 56 म्हणजे 1,960, खर्च काढून 1,860. हरलो तर जाणार 996. मिळकत जाणाऱ्याच्या दुपटीपेक्षा कमी आहे. कार्डावरचा नियम "खर्च धरून निदान दुप्पट" असेल, तर उत्तर "नाही".

दुप्पट कशासाठी? दहा व्यवहारांत चार बरोबर आणि सहा चूक निघाले असं समजा. नवशिक्यासाठी हे वाईट नाही. प्रत्येक हार 1,000 ची आणि जीत 2,000 ची असेल, तर 8,000 आले, 6,000 गेले, हाती 2,000 राहिले. जीतही 1,000 चीच असेल तर 4,000 आले, 6,000 गेले. निवड तीच, पण एकीकडे शिल्लक आणि दुसरीकडे तूट.

आणि एक टक्काच कशासाठी? लागोपाठ दहा वेळा हरणं नवशिक्याला सहज होतं. दर वेळी उरलेल्या रकमेचा 1 टक्का गेला, तर लाखाचे 90,000 च्या वर राहतात. दर वेळी 10 टक्के गेले, तर 35,000 सुद्धा राहत नाहीत. पहिला माणूस शिकत राहतो, दुसरा खातं बंद करतो.

खातं 20,000 चं असेल तर 1 टक्का म्हणजे 200. त्यातले 25 च्या आसपास नुसत्या खर्चात जातात, कारण डीपीचा आकार छोट्या व्यवहारालाही तेवढाच लागतो. अशा वेळी हिशेब शिकायला कागदावरच व्यवहार करावेत हे बरं.

सहावा प्रश्न : पुढच्या दहा दिवसांत ठरलेली मोठी बातमी नाही ना?

कंपनीचे तिमाही निकाल ही अशी बातमी. निकालासाठी संचालक मंडळाची बैठक कधी आहे, हे कंपनीला एक्स्चेंजला आधी कळवावं लागतं. शेअरच्या पानावर ती तारीख मिळते. तिमाही संपल्यावर साधारण दीड महिन्याच्या आत निकाल येतात, वर्षअखेरचे दोन महिन्यांच्या आत. म्हणून जुलै-ऑगस्ट, ऑक्टोबर-नोव्हेंबर, जानेवारी-फेब्रुवारी आणि एप्रिल-मे या काळात हा प्रश्न जास्त जपून सोडवायचा. तारीख अजून जाहीर नसेल, तर मागच्या वर्षी त्याच तिमाहीचे निकाल कधी आले ते पाहा.

आपलंच उदाहरण पुढे नेऊ. शेअरचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, आकडे समजुतीसाठी आहेत. 412 ला कार्डाने "नाही" म्हटलं, म्हणून नवशिका थांबला. दोन दिवसांनी भाव 408 ला आला. आता फरक 12 रुपयांचा. 900 भागिले 12 म्हणजे 75 शेअर, 30,600 रुपये. मिळकत 39 गुणिले 75, म्हणजे 2,925, खर्च वजा जाता 2,825. जाणार फक्त 1,000. पाचव्या प्रश्नाला आता ठणठणीत "हो". हात बटणाकडे गेला.

पण सहाव्या प्रश्नासाठी पान उघडलं, तर गुरुवारी निकाल. उत्तर "नाही". त्याने कार्ड बाजूला ठेवलं. शुक्रवारी सकाळी शेअर उघडला तोच 381 ला. 396 चा स्टॉप लावला असता तरी उपयोग नव्हता, कारण 408 आणि 381 च्या मध्ये एकही सौदा झाला नाही. स्टॉप ही फक्त ऑर्डर आहे, भाव तिथे थांबेल अशी हमी नाही. बाजारभावाने विक्री झाली असती तर 27 गुणिले 75, म्हणजे 2,025 रुपये आणि वर खर्च. ठरवलेल्या 1,000 च्या दुप्पट. आणि जीटीटीत विक्रीची मर्यादा 394 लिहिली असती, तर ती ऑर्डर तशीच पडून राहिली असती आणि शेअर हातातच राहिले असते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शुक्रवारी तोच शेअर 440 ला उघडला असता, तर आपण बाहेर बसून बघत राहिलो असतो. असंही होईल, अनेकदा होईल. ती या कार्डाची किंमत आहे. पाचव्या प्रश्नातला सगळा हिशेब स्टॉपवर विकता येईल या गृहीतावर उभा आहे, आणि निकालाच्या दिवशी ते गृहीतच राहत नाही.

सातवा प्रश्न : आज मी ठिकाणावर आहे का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्याला आकड्यात बांधा, म्हणजे स्वतःला फसवता येणार नाही. आज एक तोटा झाला आहे का? या आठवड्यात तीन तोटे झाले का? आधीचे तीन व्यवहार अजून उघडे आहेत का? यांतलं एकही खरं असेल तर उत्तर "नाही". गेलेले पैसे आजच्या आज परत आणायचा व्यवहार सहसा दुप्पट मोठा आणि अर्ध्या तपासणीचा असतो. तीन उघडे व्यवहार म्हणजे बाजार एकदम पडला तर एका दिवसात 3 टक्के. नवशिक्याला तेवढं पुष्कळ झालं.

कार्ड बिघडतं कसं, आणि ओळखायचं कसं

कार्ड फाडून टाकणारे थोडे. बहुतेक लोक आधी शेअर घेतात आणि मग कार्ड भरतात. हे पकडायला सोपा उपाय आहे. कार्डावर वेळ लिहिलेली आहे, आणि ब्रोकर रोज पाठवतो त्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये सौद्याची वेळ छापलेली असते. आठवड्याच्या शेवटी दोन्ही शेजारी ठेवा. कार्डाची वेळ नंतरची निघाली, तर तो व्यवहार फायद्यात असला तरी चुकलेला धरा.

दुसरा बिघाड म्हणजे भाव 397 ला आल्यावर 396 खोडून 385 लिहिणं. म्हणून स्टॉप पेनाने लिहा, पेन्सिलने नको. वर सरकवायला हरकत नाही, खाली कधीच नाही.

"नाही" आलेली कार्डंही जपून ठेवा. वीस कार्डं जमली की बसून पाहा. कोणत्या प्रश्नाने सगळ्यात जास्त वेळा अडवलं? वीसच्या वीस "हो" असतील, तर समजा की कार्ड वाचलं जात नाही, नुसती खूण केली जाते. ही वही घरात दुसऱ्या कुणीतरी, बायकोने किंवा अब्बांनी, महिन्यातून एकदा पाहावी असं आम्हाला वाटतं. पैसे घरचे असतात, आणि दुसऱ्याला दाखवायचं कार्ड माणूस जास्त खरं भरतो.

कापून ठेवण्यासाठी कार्ड

तारीख ____ वेळ ____ शेअर ____

1. पैसे माझे, सहा महिने मोकळे, खूण `CNC` : हो / नाही
2. कारण माझ्या एका वाक्यात, धंदा तपासला : हो / नाही
3. मालिका `EQ`, मर्यादा 20 टक्के किंवा मोठा शेअर : हो / नाही
4. स्टॉप ____ , जीटीटी लावणार, विक्रीची परवानगी आहे : हो / नाही
5. शेअर ____ , जाणार ____ , मिळणार ____ , दुप्पट : हो / नाही
6. दहा दिवसांत निकाल नाही : हो / नाही
7. आज तोटा नाही, आठवड्यात तीन तोटे नाहीत, उघडे व्यवहार तीनपेक्षा कमी : हो / नाही

एक जरी "नाही" आलं, तर आज नको.